सत्तर लाखांच्या तुटीत चूक किती आणि अंदाज किती

शेतीसाठी सबमर्सिबल पंप बनवणाऱ्या, पुण्याजवळच्या एका कंपनीत मी वित्तीय अहवालांचं काम पाहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मी तिथे रुजू झालो. आमची मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने आम्हालाही इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, लागू आहेत. मार्च २०२४ च्या क्लोजिंगमध्ये मागच्या वर्षाच्या आकड्यांना हात लावायचा की नाही, हा प्रश्न एकाच महिन्यात दोन बाजूंनी आला. एक प्रश्न वॉरंटीचा होता आणि दुसरा मालसाठ्याच्या मूल्यांकनाचा. दोन्हींचं उत्तर लेखा धोरणं, अंदाज आणि चुका यांच्यावरच्या इंड एएस ८ मध्ये आहे. ते मानक मी परीक्षेसाठी वाचलेलं होतं, पण त्याची खरी धार कळली ती वॉरंटीच्या फाइलमध्ये.

३१ मार्च २०२३ रोजी आमचे ५०,००० पंप वॉरंटीत होते. जुन्या अनुभवावरून त्यातले तीन टक्के, म्हणजे १,५०० पंप, वॉरंटी संपेपर्यंत दुरुस्तीला येतील असं धरलं होतं. एका दुरुस्तीचा खर्च सरासरी ५,००० रुपये, म्हणून ७५ लाखांची तरतूद केली होती. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये याच पंपांच्या दुरुस्तीवर १ कोटी ४५ लाख रुपये गेले. तरतूद ७० लाखांनी अपुरी पडली.

आमच्या फायनान्स हेडना हे साधं वाटलं. ते म्हणाले, “वॉरंटी म्हणजे अंदाजच. अंदाज चुकला. सत्तर लाख यंदाच्या खर्चात टाका, मागच्या वर्षाला हात लावायची गरज नाही.”

वरवर पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्या रकमेच्या मोजमापातच अनिश्चितता असते तो लेखा अंदाज, ही व्याख्या १ एप्रिल २०२३ पासून इंड एएस ८ मध्ये आली आहे आणि वॉरंटीची तरतूद त्यात चपखल बसते. नवी माहिती मिळाली किंवा अनुभव वाढला आणि अंदाज बदलला, तर त्याचा परिणाम बदल झाला त्या वर्षी आणि पुढे धरायचा. मागे जायचं नाही. त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर तो अंदाज योग्यच होता, म्हणून जुना ताळेबंद खोटा ठरत नाही.

मात्र हे सगळं “नवी माहिती” या अटीवर उभं आहे. सत्तर लाखांमागची माहिती खरोखर नवी होती का, हे कोणी तपासलेलं नव्हतं. मी सर्व्हिस विभागाकडून वर्षभरातल्या दुरुस्त्यांची यादी मागवली आणि पंपांच्या अनुक्रमांकाप्रमाणे लावली. यादी लावताच एक पट्टा उठून दिसला. फेब्रुवारी आणि मार्च २०२३ मध्ये विकलेल्या ४,००० पंपांपैकी १,४०० पंप परत आले होते. बाकीच्या ४६,००० पंपांमधून १,३८० आले होते, म्हणजे बरोबर तीन टक्के. नेहमीच्या पंपांबद्दलचा अंदाज चुकलाच नव्हता. सगळी गडबड त्या एका लॉटमध्ये होती.

लॉटचं कारण गुणवत्ता विभागात मिळालं. त्या पंपांत एका पुरवठादाराचं थ्रस्ट बेअरिंग बसवलं होतं. ते लवकर झिजायचं, मग रोटर खाली बसून घासायचा, मोटर गरम व्हायची आणि वाइंडिंग जळायचं. मार्चच्या शेवटी विक्रेत्यांच्या तक्रारी येऊ लागल्यावर गुणवत्ता विभागाने त्या लॉटमधले ६० पंप चाचणीला लावले आणि त्यातले १८ बंद पडले. फाइलमध्ये त्या चाचणीचा अहवाल होता. त्यावर तारीख होती १४ एप्रिल २०२३.

मागच्या वर्षीचे हिशेब संचालक मंडळाने मंजूर केले होते २६ मे २०२३ रोजी.

या दोन तारखांमुळे सगळा प्रश्न बदलला. हिशेब मंजूर होत असताना जी विश्वासार्ह माहिती उपलब्ध होती आणि वाजवी प्रयत्नाने मिळवून वापरता आली असती, ती वापरली नाही किंवा चुकीची वापरली, तर इंड एएस ८ त्याला मागील कालावधीची चूक म्हणतं. माहिती कंपनीत असली की पुरे, ती लेखा विभागाच्या टेबलावर असायलाच हवी असं नाही. इथे अहवाल त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. पंप ३१ मार्चच्या आधी विकले गेले होते आणि दोषही त्यांच्यात तेव्हाच होता. त्यामुळे अहवाल एप्रिलचा असला तरी तो ३१ मार्चच्या परिस्थितीचाच पुरावा ठरत होता. ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांवरच्या इंड एएस १० प्रमाणे तरतूद करताना तो विचारात घ्यायलाच हवा होता. हाच अहवाल १४ जूनला तयार झाला असता, तर तीच रक्कम लेखा अंदाजातला बदल ठरली असती आणि पूर्ण यंदाच्या खर्चात गेली असती.

फायनान्स हेडना हे पटायला वेळ लागला नाही, पण पटताच ते दुसऱ्या टोकाला गेले. चूक दुरुस्त केली की तिचा भार यंदाच्या नफ्यावर येत नाही, तो मागच्या वर्षावर जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. यंदाच्या नफ्याचं उद्दिष्ट आधीच ताणलेलं होतं. “मग सत्तरही लाख चूकच धरा,” असं ते म्हणाले. हा मोह या कामातला सगळ्यात धोक्याचा आहे असं मला वाटतं. ‘अंदाज’ म्हटलं की मागचं वर्ष वाचतं आणि ‘चूक’ म्हटलं की यंदाचं. कोणत्या वर्षाची लाज राखायची त्यावर कोणी नाव ठरवू लागलं, तर हिशेबाला अर्थ उरत नाही.

म्हणून सत्तर लाख फोडावे लागले. फोडताना एकच प्रश्न धरून ठेवला: २६ मे २०२३ ला १४ एप्रिलचा अहवाल समोर ठेवून बसलेल्या माणसाने किती तरतूद केली असती?

त्या माणसाला लॉटमधले तीस टक्के पंप बंद पडतील असं दिसलं असतं. ४,००० चे तीस टक्के म्हणजे १,२००. तीन टक्क्यांनी १२० पंप आधीच धरलेले होते, म्हणून जास्तीचे १,०८० पंप. दर पंपाला ५,००० प्रमाणे ५४ लाख. एवढी चूक.

प्रत्यक्षात लॉटमधून १,४०० पंप आले, अंदाजापेक्षा २०० जास्त. त्या २०० पंपांचे १० लाख मेमध्ये कोणालाच दिसले नसते. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून आम्ही सर्व्हिस सेंटरना देण्याचा दर पंपामागे ५०० रुपयांनी वाढवला. त्यानंतर आलेल्या १,२०० दुरुस्त्यांवर त्याचे ६ लाख झाले. तेही मेमध्ये माहीत असायचं कारण नव्हतं. हे १६ लाख म्हणजे अंदाजातला बदल.

आज खरा आकडा हातात आहे, मग मागच्या वर्षी थेट ७० लाखच टाकू, हे मानक चालू देत नाही. जुन्या वर्षाचा आकडा दुरुस्त करताना नंतर कळलेली गोष्ट वापरायची नाही, अशी त्यात स्पष्ट अट आहे. ऑडिट फर्मच्या पार्टनर मॅडमनी पहिल्याच बैठकीत हेच विचारलं. “तीस टक्के कुठून आणले? पस्तीस का नाही?” अहवालाची प्रत आणि त्यावरची तारीख दाखवल्यावर त्यांनी गुणवत्ता विभागाच्या सर्व्हरवर मूळ फाइल कधी तयार झाली तेही पाहिलं. त्यांनी ते पाहिलं याचं मला समाधान वाटलं. तारखेवर सगळं अवलंबून असेल तर तारीख तपासलीच पाहिजे.

आता मांडणी. ५४ लाखांसाठी कोणीतरी सुचवलं की मागच्या वर्षीचे हिशेब उघडून पुन्हा सही करून घेऊ. त्याची गरज नसते. वार्षिक सभेने स्वीकारलेले आणि कंपनी निबंधकाकडे दाखल झालेले जुने हिशेब आहेत तसेच राहतात. ते स्वेच्छेने सुधारायचे तर कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, तो वेगळा मार्ग आहे. इंड एएस ८ प्रमाणे दुरुस्ती होते ती यंदाच्या हिशेबातल्या तुलनात्मक स्तंभात, म्हणजे यंदाच्या आकड्यांशेजारी मागच्या वर्षाचे जे आकडे छापतो त्यांत. त्या स्तंभाच्या डोक्यावर ‘पुनर्मांडणी केलेले’ असं लिहितो. २०२२-२३ चा वॉरंटी खर्च तिथे ५४ लाखांनी वाढला आणि ३१ मार्च २०२३ ची तरतूद ७५ लाखांऐवजी १ कोटी २९ लाख झाली. मागच्या वर्षीचा करपूर्व नफा साडेपाच कोटी होता. त्याच्याशी ताडून पाहिलं तर ५४ लाख म्हणजे जवळजवळ दहा टक्के, त्यामुळे चूक लक्षणीय आहे की नाही यावर फार चर्चा झाली नाही.

कराचा परिणामही सोबतच धरावा लागतो आणि घाईत तोच राहून जातो. आमचा दर २५.१६८ टक्के. ही रक्कम मागच्या विवरणपत्रात मागितलेली नव्हती, ती खर्च होईल तेव्हा वजा मिळणार होती, म्हणून त्या तारखेला १३.५९ लाखांची डिफर्ड टॅक्स मालमत्ता, म्हणजे पुढे वाचणारा कर, उभी राहिली. राखीव नफ्यातून कमी झाले ४०.४१ लाख.

पुस्तकांतली नोंद मात्र २०२२-२३ मध्ये करता येत नाही, ते वर्ष सिस्टिममध्ये बंद झालेलं असतं. आम्ही १ एप्रिल २०२३ च्या तारखेने राखीव नफा ४०.४१ लाखांनी आणि डिफर्ड टॅक्स १३.५९ लाखांनी नावे टाकला आणि वॉरंटी तरतूद ५४ लाखांनी जमा केली. त्यानंतर वर्षभरात खर्चात पडलेले ५४ लाख काढून या तरतुदीवर नेले. हा दुसरा टप्पा विसरला तर तीच रक्कम दोनदा लागते, एकदा राखीव नफ्यातून आणि एकदा यंदाच्या नफ्यातून. सुरुवातीची तरतूद, वर्षात वापरलेली, नव्याने केलेली आणि शेवटची शिल्लक असा तरतुदीच्या हालचालीचा तक्ता मांडला की ही गफलत लगेच पकडता येते.

सोळा लाखांचं काम तुलनेने सोपं. ते यंदाच्या नफा-तोटा पत्रकात, वॉरंटी खर्चाच्या नेहमीच्या ओळीत गेले. वेगळी ओळ नाही, मागच्या स्तंभात बदल नाही. हिशेबांसोबतच्या टिपणात बदलाचं स्वरूप आणि रक्कम दिली. ३१ मार्च २०२४ च्या तरतुदीसाठी दर ५,५०० धरला आहे, हेही सांगितलं, कारण तो बदल पुढच्या वर्षांनाही लागू राहणार होता.

एका सहकाऱ्याने नफा-तोटा पत्रकात ‘मागील कालावधीच्या बाबी’ अशी ओळ घालून ठेवली होती. ती सवय एएस ५ ची. ज्या कंपन्यांना अजून जुनी लेखा मानकं लागू आहेत त्यांच्याकडे मागच्या वर्षातली चूक यंदाच्याच नफा-तोट्यात वेगळी दाखवतात, मागचे आकडे बदलत नाहीत. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान-मध्यम कंपन्यांचे हिशेब लिहिणाऱ्यांच्या हातात हीच पद्धत बसलेली असते. इंड एएसमध्ये लक्षणीय चुकीसाठी ती ओळ चालत नाही. यंदाचा नफा यंदाचाच राहिला पाहिजे, यावर त्या मानकाचा कटाक्ष आहे.

मालसाठ्याची गोष्ट वेगळ्या स्वभावाची होती. आम्ही साठ्याचं मूल्य ‘आधी आलेला माल आधी गेला’ या सूत्राने काढत होतो आणि समूहातल्या बाकीच्या कंपन्या भारित सरासरीने. त्यांच्या आकड्यांशी तुलना व्हावी म्हणून आम्हीही भारित सरासरीवर आलो. इथे कोणाचा अंदाज बदलला नव्हता, कोणी चुकलंही नव्हतं. दोन्ही सूत्रं मान्य आहेत, आम्ही एक सोडून दुसरं निवडलं, म्हणून हा लेखा धोरणातला बदल. स्वेच्छेने धोरण बदलताना नव्या धोरणाने मिळणारी माहिती विश्वासार्ह आणि वापरणाऱ्यांना जास्त उपयोगी आहे, हे दाखवावं लागतं. नवं सॉफ्टवेअर भारित सरासरी आपोआप काढतं, हे कारण आमच्या मसुद्यात पहिल्या क्रमांकावर होतं. मॅडमनी ते खोडायला सांगितलं आणि ते योग्यच होतं.

धोरण बदललं की ते जणू पहिल्यापासून होतंच असं धरून मागे जायचं. मार्च २०२२ मध्ये तांब्याचे भाव खूप चढलेले होते. जुन्या सूत्रात शिल्लक साठा शेवटच्या, म्हणजे महाग खरेदीच्या दराने बसत असल्याने १ एप्रिल २०२२ चा साठा नव्या सूत्रापेक्षा ३० लाखांनी जास्त होता. ३१ मार्च २०२३ ला हाच फरक १० लाखांवर आला. सुरुवातीचा साठा तीसने कमी आणि शेवटचा दहाने कमी, त्यामुळे २०२२-२३ चा करपूर्व नफा नव्या धोरणाने २० लाखांनी वाढला.

इथे पुन्हा मतभेद झाला. मागच्या वर्षाचा नफा चुकीमुळे ५४ लाखांनी घटतो आणि धोरणामुळे २० लाखांनी वाढतो, तर ३४ लाखांचा एकच निव्वळ परिणाम दाखवू, असा सूर होता. तसं केलं असतं तर वाचणाऱ्याला चूक ३४ लाखांची होती असं वाटलं असतं, आणि धोरण बदलण्यासाठी हेच वर्ष का निवडलं हा प्रश्न त्याला सुचलाही नसता. मी यावर मागे हटलो नाही. टिपणात चार स्तंभ केले: आधी छापलेली रक्कम, धोरणाचा परिणाम, चुकीचा परिणाम आणि पुनर्मांडणीनंतरची रक्कम. साठा, तरतूद, डिफर्ड टॅक्स, राखीव नफा, वॉरंटी खर्च, वापरलेल्या मालाची किंमत अशी ज्या ज्या ओळीला झळ बसली ती ओळ त्यात घेतली. प्रतिशेअर कमाईसुद्धा. आमचे २० लाख शेअर आहेत. मागच्या वर्षी छापलेली कमाई २० रुपये ५८ पैसे होती, ती १९ रुपये ३१ पैसे झाली.

धोरणबदलामुळे आणखी एक पान वाढलं. तुलनात्मक वर्षाच्या सुरुवातीच्या ताळेबंदावर लक्षणीय परिणाम होत असेल तर इंड एएस १ प्रमाणे तिसरा ताळेबंद द्यावा लागतो, आमच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ चा. बेअरिंगच्या चुकीमुळे तो लागला नसता, कारण ती २०२२-२३ मध्येच जन्मली होती आणि त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिचं अस्तित्व नव्हतं. साठ्याचा फरक मात्र त्या दिवशी होताच, कर वजा जाता २२.४५ लाख. म्हणून समभागातील बदलांच्या पत्रकात पहिली ओळ १ एप्रिल २०२२ ची छापील शिल्लक, तिच्याखाली धोरणबदलाचे २२.४५ लाख वजा आणि मग पुनर्मांडणी केलेली शिल्लक अशी आली. चुकीमुळे कमी झालेले ४०.४१ लाख तिथे नाहीत, ते २०२२-२३ च्या सुधारित नफ्यातून खाली येतात. ३१ मार्च २०२३ ला राखीव नफा एकूण ४७.८९ लाखांनी कमी दिसतो. साठ्याचे १० लाख आणि तरतुदीचे ५४ लाख यांतून कर वजा केला की नेमका हाच आकडा यायला हवा. मी तो दोन्ही बाजूंनी जुळवून घेतला.

चुकीबद्दलच्या टिपणाची भाषा लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात “काही बाबींचे पुनर्वर्गीकरण” असे शब्द होते. पुनर्वर्गीकरण म्हणजे रक्कम एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेणं, त्याने नफा बदलत नाही. इथे नफा बदलला होता. शेवटी लिहिलं की एका लॉटमधल्या बेअरिंगच्या दोषाबद्दलचा चाचणी अहवाल मागील हिशेब मंजूर होण्यापूर्वी कंपनीत उपलब्ध होता, तो वॉरंटी तरतूद ठरवताना विचारात घेतला गेला नाही, आणि त्यामुळे तरतूद ५४ लाखांनी कमी दाखवली गेली. संचालकांपैकी एकांना हे फार उघड वाटलं, पण मॅडमनी आपल्या अहवालात याच टिपणाकडे लक्ष वेधणारा परिच्छेद घालणार असल्याचं सांगितल्यावर मजकूर तसाच राहिला.

पुरवठादाराकडे आम्ही भरपाई मागितली होती. क्लोजिंगच्या वेळी ती रक्कम ५४ लाखांतून वजा करू, म्हणजे चूक लहान दिसेल, असंही सुचवलं गेलं. पुरवठादाराने तोवर काहीच मान्य केलं नव्हतं, आणि भरपाई मिळणार हे जवळजवळ निश्चित झाल्याशिवाय ती मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने २५ लाख लेखी मान्य केले. ते २०२४-२५ च्या हिशेबात आले. त्यासाठी मागच्या कोणत्याही स्तंभाला हात लावला नाही, कारण ही माहिती खरोखरच नवी होती.